पहिला क्रमांक कुणाच्या वाट्याला? वक्तृत्व स्पर्धेत बोलण्याच्या क्रमाची सोडत कशी काढावी

वक्तृत्व स्पर्धेत पहिल्या क्रमांकावर बोलायला कुणीच खुशीने उभं राहत नाही, आणि त्यामागे केवळ धाकधूक नसते. पहिला स्पर्धक बोलतो तेव्हा परीक्षकांच्या हातात मोजायला पट्टीच नसते. शंभरपैकी नव्वद दिले आणि पुढे याहून सरस कुणी आलं तर काय, म्हणून ते हात राखून पंचाहत्तर देतात. सातव्या-आठव्या भाषणापर्यंत त्यांचा अंदाज बसतो आणि हात सैल होतो. शिवाय शेजारचाही परिणाम होतोच. सभागृह डोक्यावर घेणाऱ्या वक्त्यानंतर आलेलं बरं भाषणसुद्धा फिकं वाटतं.

परीक्षक अनुभवी असले की हे टळतं, असं नाही. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेत बारा अंतिम स्पर्धक रोज दोन याप्रमाणे सहा संध्याकाळी वाजवायचे. फ्लोरेस आणि गिन्सबर्ग या अभ्यासकांनी 1996 साली तिथले निकाल तपासले. पहिल्या दिवशी वाजवणारे सरासरीने मागे पडत होते, पाचव्या दिवशी वाजवणारे पुढे जात होते. क्रम चिठ्ठ्यांनी ठरलेला होता, त्यामुळे ‘चांगले कलाकार योगायोगाने शेवटी आले’ ही सबब चालत नाही. एक संभाव्य कारण असं, की सगळ्यांना एकच नवी, आधी न वाजवली गेलेली रचना वाजवावी लागे. पहिल्या संध्याकाळी परीक्षकही ती पहिल्यांदाच ऐकत, पाचव्या संध्याकाळपर्यंत ती त्यांच्या कानांत बसलेली असे. पुढे गिन्सबर्ग आणि व्हॅन अवर्स यांनी दाखवलं, की तिथे वर आलेल्यांची नंतरची कारकीर्दही अधिक चमकली. म्हणजे चिठ्ठीने मिळालेल्या जागेची सावली पुढच्या आयुष्यावरही पडली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सोडतीने क्रमाचा परिणाम नाहीसा होत नाही. पहिल्या जागेचा तोटा कुणाला तरी सोसावाच लागतो. सोडत एवढंच करते, की तो तोटा कुणाला मिळणार हे स्पर्धकाच्या आडनावावर, नोंदणीच्या वेळेवर किंवा संयोजकाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. अकारविल्हे यादी वरवर निष्पक्ष दिसते, पण ‘अ’ने सुरू होणारं नाव प्रत्येक स्पर्धेत पुढेच राहतं. बारा स्पर्धकांच्या सोडतीत तेच नाव पहिलं येण्याची शक्यता बारात एक असते. नोंदणीच्या क्रमाने बोलावलं तर उत्साहाने आधी नाव देणाऱ्यालाच दंड बसतो!

आता प्रत्यक्ष काम. बारा स्पर्धक आहेत असं धरू.

आधी यादी बंद करा. नोंदणीची वेळ संपली की नावं गोठली. सोडतीनंतर नवं नाव घालायचं नाही. सोडत स्पर्धेच्या दिवशी, सुरुवातीच्या अर्ध्या तासात, स्पर्धकांसमोर काढावी. परीक्षकांना त्या वेळी बाहेर बसवा आणि त्यांच्या गुणपत्रकावर नावाऐवजी फक्त क्रमांक छापा.

चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या, सारख्या घडीच्या असाव्यात. एक ते बारा आकडे लिहा, सगळ्यांना मोजून दाखवा आणि भांड्यात खरोखर ढवळा. ढवळणं हा मामुली भाग वाटतो, पण घोळ नेमका इथेच होतो. डिसेंबर 1969 मध्ये अमेरिकेत सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत निघाली. तारखांच्या कुप्या महिन्यामहिन्याने पेटीत टाकल्या होत्या आणि पुरेशा मिसळल्या नाहीत. वर्षअखेरच्या तारखा आधी निघाल्या, आणि त्या तारखांना जन्मलेल्या तरुणांची बोलावणी लवकर आली. म्हणून चिठ्ठ्या आकड्यांच्या ओळीने टाकू नका. टाकल्यावर हाताने तळापर्यंत चार-पाच वेळा उलथापालथ करा.

चिठ्ठी आधी उचलण्यासाठी झुंबड उडते, त्याला अर्थ नाही. पहिल्याने उचलली तर एक नंबर लागण्याची शक्यता बारात एक. दुसऱ्याच्या बाबतीत, पहिल्याकडून तो नंबर सुटण्याची शक्यता बारात अकरा आणि उरलेल्या अकरांतून तो लागण्याची अकरात एक. गुणाकार पुन्हा बारात एकच. तेव्हा कोण आधी उचलतो यावर वाद घालणाऱ्यांना हे सांगून मोकळे व्हा.

संगणकावर काढायची असेल तर स्प्रेडशीटमध्ये नावांशेजारच्या प्रत्येक घरात हे सूत्र घाला:

```
=RAND()
```

आकडे आले की ते फक्त मूल्यं म्हणून पुन्हा चिकटवा, नाहीतर शीटमध्ये काहीही बदललं की ते बदलत राहतील. मग त्या रकान्यानुसार नावं लावा. RANDBETWEEN वापरू नका, त्यात एकच आकडा दोघांना येऊ शकतो.

सोडत एकदाच काढायची. ‘दोन मोठी नावं लागोपाठ आली, पुन्हा काढू’ असं म्हटलं की तो क्रम संयोजकाच्या पसंतीचा झाला. एकाच संस्थेचे दोघे लागोपाठ नकोत, असा नियम असेल तर तो आधी लिहून जाहीर करा. आपसांत नंबर बदलण्यालाही सरसकट बंदी हवी.

सर्वांत जास्त घसरगुंडी होते ती उशिरा येणाऱ्यांच्या बाबतीत. पुकारा झाला, स्पर्धक हजर नाही, मग दया दाखवून त्याला शेवटी बोलू दिलं जातं. शेवटची जागा बहुधा फायद्याची, म्हणजे उशिराबद्दल बक्षीसच! माझ्या मते पुकाऱ्याला हजर नसलेला बाद, हाच नियम बरा. तो कठोर वाटला तर निदान जागा आधी ठरवून ठेवा, उदाहरणार्थ ‘लगेच पुढच्या भाषणानंतर’. कुणी माघार घेतली तर मागचे एकेक जागा पुढे सरकतील, बाकी क्रम तसाच.

स्पर्धा दोन फेऱ्यांची असेल तर दुसऱ्या फेरीसाठी नवी सोडत काढा. पहिल्या फेरीत कमी गुण मिळालेल्यांना आधी आणि जास्तवाल्यांना शेवटी बोलावलं की रंगत वाढते खरी, पण पहिल्या फेरीत उशिरा बोलल्याने मिळालेला फायदा दुसरीत पुन्हा पदरात पडतो. फिगर स्केटिंगच्या निकालांत हे दिसून आलं आहे. युरोव्हिजन गीतस्पर्धेत 2013 पासून सादरीकरणाचा क्रम निर्माते ठरवतात. कार्यक्रम म्हणून ते ठीक, पण तिथे चिठ्ठीचं संरक्षण कमी झालं.

परीक्षकांचा हात लवकर बसावा म्हणून एक सोपा उपाय आहे. स्पर्धेबाहेरच्या एकाला आधी बोलायला लावा, त्याला गुण देऊन परीक्षकांना आपसांत ते पडताळू द्या, मग खरा पहिला स्पर्धक बोलवा. याने पहिल्या जागेचा तोटा कमी होतो, पूर्ण जात नाही.

निकालानंतर क्रमाचा परिणाम झाला का, हे एका स्पर्धेवरून कळत नाही. तिन्ही विजेते शेवटच्या सहांतले निघाले की कुजबुज सुरू होते. पण क्रमाचा काहीच परिणाम नसतानाही असं घडण्याची शक्यता अकरात एक असते. म्हणून दरवर्षी विजेत्यांचे बोलण्याचे क्रमांक वहीत लिहून ठेवा. बारा जणांत परिणाम नसेल तर त्यांची सरासरी साडेसहाच्या आसपास रेंगाळते. आठ-दहा स्पर्धांनंतरही ती आठ-नऊच्या घरात असेल, तर परीक्षकांशी बोलायची वेळ आली आहे.