एक कार्बन वाढवायचाय? बेन्झाल्डिहाइडपासून मँडेलिक अॅसिडपर्यंत, स्टेप बाय स्टेप

बारावीच्या कन्व्हर्जनमध्ये ‘बेन्झाल्डिहाइडपासून मँडेलिक अॅसिड बनवा’ असं आलं की बरीच पोरं डायरेक्ट ऑक्सिडेशन करून मोकळी होतात आणि बेन्झोइक अॅसिड लिहून येतात. इथे रिअॅक्शन आठवण्याआधी कार्बन मोजायचे. बेन्झाल्डिहाइडमध्ये ७ आहेत, मँडेलिक अॅसिडमध्ये ८. म्हणजे एक कार्बन बाहेरून आणायचाय, आणि तो आणायचा सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे सायनाइड.

आधीच सांगतो, हे सगळं कागदावर करायचं आहे. यात HCN येतो, तो जीवघेणा गॅस आहे, आणि सायनाइडच्या मिठावर अॅसिड पडलं की तोच सुटतो. त्यामुळे घरी किंवा कॉलेजच्या साध्या लॅबमध्ये याचा प्रयोग करायचा विचारही नको.

पहिली स्टेप, सायनोहायड्रिन. कार्बोनिलचा कार्बन थोडा पॉझिटिव्ह असतो, सायनाइडचा कार्बन निगेटिव्ह, तो येऊन चिकटतो, ऑक्सिजनवर मायनस येतो आणि तो कुठूनतरी प्रोटॉन उचलतो. झालं सायनोहायड्रिन, आपल्या केसमध्ये त्याचं नाव मँडेलोनायट्राइल.

```
C6H5CHO + HCN ⇌ C6H5CH(OH)CN
```

मधला डबल बाण नीट बघा, या लेखातली निम्मी भानगड तिथेच आहे. आणि अजून एक, हल्ला करतो तो CN⁻, अख्खा HCN नाही. HCN हे फार कमजोर अॅसिड आहे, pKa साधारण ९.२, त्यामुळे नुसत्या HCN मध्ये मोकळा सायनाइड जवळजवळ नसतोच आणि रिअॅक्शन रखडते. थोडा बेस टाकला की वेग वाढतो, जास्त अॅसिड टाकलं की मंदावतो, हे आर्थर लॅपवर्थने १९०३ मध्ये दाखवलं होतं. पण प्रोटॉन द्यायला HCN सुद्धा शिल्लक लागतोच, म्हणून दोन्ही थोडे थोडे असतील असा मधला pH ठेवतात.

अल्डिहाइड इथे छान चालतं. कीटोनचं मात्र प्रत्येकाचं वेगळं: अॅसिटोन, सायक्लोहेक्झानोन ठीक, पण बेन्झोफेनोनसारखं दोन्ही बाजूंनी रिंग लागलेलं कीटोन जवळपास दाद देत नाही, बाण मागेच झुकलेला राहतो.

दुसरी स्टेप, हायड्रोलिसिस. नायट्राइलचा -CN म्हणजे लपलेला -COOH समजा. त्याला पाण्याचे दोन रेणू लागतात. पहिल्याने अमाइड होतं, दुसऱ्याने अॅसिड, आणि नायट्रोजन अमोनियम म्हणून बाहेर पडतो. कार्बन मात्र जागचा हलत नाही.

```
C6H5CH(OH)CN + 2 H2O + HCl → C6H5CH(OH)COOH + NH4Cl
```

आता प्रश्न असा की पुस्तकात तर लिहिलंय की नायट्राइलचं हायड्रोलिसिस अॅसिडने पण होतं आणि अल्कलीने पण, मग इथे NaOH का नको? कारण तो डबल बाण. NaOH ने सायनोहायड्रिनच्या -OH चा प्रोटॉन काढला की ऑक्सिजनवर मायनस येतो, तो कार्बनकडे ढकलला जातो आणि सायनाइड सुटून जातं, हातात परत बेन्झाल्डिहाइड. म्हणजे इतक्या मेहनतीने जोडलेला कार्बन गेला! म्हणून सायनोहायड्रिनला अॅसिडच, HCl घालून गरम करायचं, आणि उत्तरात कंडिशन लिहिताना H⁺ स्पष्ट लिहायचा.

हे सायनाइड सुटणं आपल्या उपवासाशीही जोडलेलं आहे बरं का. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून बनतो त्यात लिनामरिन असतं, म्हणजे अॅसिटोनचंच सायनोहायड्रिन, साखरेला बांधलेलं. कंद किसला की एन्झाइम साखर तोडतं आणि उरलेलं सायनोहायड्रिन अॅसिटोन आणि HCN मध्ये फुटतं. कंद दळून, भरपूर पाण्यात धुऊन स्टार्च वेगळा काढतात तेव्हा हे सगळं निघून जातं, आणि मग आपण निवांत खिचडी खातो. बदाम पण याच गोष्टीत आहे, मँडेलिक हे नाव जर्मन ‘मांडेल’ म्हणजे बदामावरून आलं, कारण ते आधी कडू बदामाच्या अर्कातूनच मिळालं होतं.

हिशोब करून बघू. बेन्झाल्डिहाइडचं मोलर मास १०६, मँडेलिक अॅसिडचं १५२. १०.६ ग्रॅम घेतलं म्हणजे ०.१ मोल, सगळं बदललं तर १५.२ ग्रॅम मिळेल. कोणी १८ ग्रॅम लिहिलं तर त्याने कार्बन तरी चुकीचा मोजलाय किंवा पदार्थ ओला आहे.

हायड्रोलिसिस अर्धवट राहिलं हे कसं ओळखायचं? अमाइडपाशी अडकलं असेल तर तो पदार्थ सोडियम बायकार्बोनेटबरोबर फसफसत नाही, अॅसिड फसफसतं. आणि अमाइड NaOH बरोबर गरम केला की अमोनिया निघतो, ओला लाल लिटमस निळा होतो. उलट मुद्दाम अमाइडलाच थांबायचं असेल तर साध्या नायट्राइलला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि NaOH देतात, पण पुन्हा, सायनोहायड्रिनला नाही, कारण वर सांगितलं तेच.

अजून एक, मिळालेलं अॅसिड प्रकाश वळवत नाही. कार्बोनिल सपाट असतो, सायनाइड वरून येऊ शकतं तसं खालून पण, त्यामुळे दोन्ही आरसा-प्रतिमा अर्ध्या-अर्ध्या. कडू बदामातलं एन्झाइम वापरलं तर एकच बाजू जास्त मिळते, हे १९०८ मध्ये रोझेनथालरने दाखवलं.

आता अॅसिड नको, अमाइन हवंय असं समजा. मग हायड्रोलिसिसऐवजी रिडक्शन. नायट्राइलला चार हायड्रोजन मिळाले की -CN चं -CH2NH2 होतं. LiAlH4 कोरड्या इथरमध्ये वापरायचं, शेवटी पाणी, किंवा सोडियम आणि इथेनॉल, ज्याला मेंडियस रिडक्शन म्हणतात. NaBH4 लिहू नका, ते नायट्राइलला साधारणपणे हात लावत नाही. आपल्या मँडेलोनायट्राइलपासून २-अमिनो-१-फिनाइलइथेनॉल मिळतं. परीक्षेत एवढं चालतं, पण LiAlH4 हे बेसिक आहे, तेच -OH वर पडलं तर सायनाइड सुटून बेन्झाल्डिहाइड आणि मग त्याचं बेन्झिल अल्कोहोल होऊ शकतं. म्हणून खऱ्या लॅबमध्ये ती -OH आधी सिलिल ग्रुपने झाकून घेतात. आणि मधेच अल्डिहाइडवर थांबायचं असेल तर DIBAL-H किंवा SnCl2 आणि HCl, मग पाणी. हा दुसरा मार्ग म्हणजे स्टीफन रिअॅक्शन.

-OH नको असेल तर सुरुवात अल्डिहाइडपासून करूच नका, हॅलाइड घ्या. बेन्झिल क्लोराइड आणि KCN पासून फिनाइलअॅसिटोनायट्राइल, मग हायड्रोलिसिसने फिनाइलअॅसिटिक अॅसिड. इथे उलटा बाण नाही, त्यामुळे NaOH बिनधास्त चालतं, फक्त शेवटी अॅसिड घालायचं, नाहीतर सोडियम सॉल्ट हातात राहतं. KCN च्या जागी AgCN लिहिलं तर नायट्रोजनच्या बाजूने जोडणी होऊन मुख्यतः आयसोसायनाइड मिळतं आणि कन्व्हर्जन संपलं. टर्शरी हॅलाइडला KCN दिलं तर कार्बन जोडला जात नाही, अल्कीन निघतं, आणि क्लोरोबेन्झिन तर साध्या कंडिशनमध्ये KCN ला ढिम्म हलत नाही.