ग्राहकाने बिलापेक्षा जास्त पैसे भरले, तेव्हाचा मेसेज

कच्चा मेसेज बहुतेक असा असतो: "आपल्या खात्यात जादा रक्कम जमा झाल्याचे निदर्शनास आले आहे. कृपया संपर्क साधावा." वाचणाऱ्याला आधी भीतीच वाटते. किती जादा, कशाची, आता काय करायचं, यातलं काहीच कळत नाही.

पुन्हा लिहायला बसण्याआधी खातं उघडा. समजा बिल २,३६० चं आणि जमा २,६३०. फरक २७०, त्याला ९ ने भाग जातो. शेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो, म्हणून इथे ६ आणि ३ ची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायचा. पण ती ग्राहकाकडून झाली की आपल्या नोंदीत, हे बँकेच्या स्टेटमेंटवरून ठरतं. तिथे २,३६० च दिसले, तर मेसेज पाठवायचाच नाही, नोंद दुरुस्त करायची. मागची बाकीही बघा. २७० जुन्या बिलाचे निघाले तर ते जादा नाहीतच. चेक असेल तर तो वटेपर्यंत थांबा. मुद्दाम जास्तीचा चेक देऊन परतावा उकळायचा आणि मग चेक परत जायचा, ही फसवणूक जुनी आहे.

मग मेसेज असा होतो:

"नमस्कार. तुमचं मागच्या महिन्याचं बिल २,३६० होतं, आमच्याकडे २,६३० जमा झाले. म्हणजे २७० जास्त आले आहेत. ज्या खात्यातून तुम्ही पैसे भरले त्याच खात्यात ते परत पाठवू, की पुढच्या बिलातून वजा करू? उत्तरात फक्त 'परत' किंवा 'वजा' लिहा. १५ तारखेपर्यंत कळवलंत तर पुढचं बिल निघण्याआधी हे होईल. तोवर २७० तुमच्या नावावर जमा राहतील."

बिल क्रमांक आणि तारीख घालायला विसरू नका. 'तुमच्याकडून चूक झाली' हे वाक्य मात्र काढा. चूक कोणाची, याने २७० चं काही होत नाही. खाते क्रमांक, ओटीपी विचारू नका, लिंकही देऊ नका. परताव्याच्या नावाने लुबाडणारे हेच मागतात, त्यामुळे आपला खरा मेसेजही खोटा वाटतो. भरणाऱ्याने दुसऱ्याच खात्यात परतावा मागितला, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा.

वजावट सोपी, हिशेबाला बरी. म्हणून आपला कल तिकडे असतो. पण ग्राहक आपली सेवा घेणं बंद करणार असेल तर तो पर्यायच देऊ नका, पुढचं बिलच नाही. वजावट निवडली, तर पुढच्या बिलावर 'मागील जमा २७०' अशी वेगळी ओळ दिसली पाहिजे. पुढचं बिलही २,३६० चंच असलं आणि नुसतं २,०९० छापलं, तर तोच ग्राहक 'बिल कमी का आलं?' म्हणून फोन करेल.