प्रबंधातला ऋणनिर्देश: तीन पानांचा एका पानाचा कसा करावा

ऋणनिर्देश लांबतो तो नावांमुळे कमी, विशेषणांमुळे जास्त. जुना मसुदा समोर घ्या आणि प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीने नेमके काय केले ते एका क्रियापदात लिहा. क्रियापद सुचत नसेल, तर ते नाव ‘विभागातील सहकारी’ अशा सामूहिक उल्लेखात जाते.

मग ‘परमपूज्य’, ‘अनमोल’, ‘शब्दच अपुरे’ हे काढा. ‘गुरुवर्यांच्या अमूल्य मार्गदर्शनाने पावन झालो’ याऐवजी ‘सरांनी तिसरे प्रकरण दोनदा परत पाठवले, म्हणून त्याची मांडणी सुधारली’ असे लिहा.

मार्गदर्शकांना तीन-चार वाक्ये, ग्रंथपाल व टंकलेखकाला एकेक, घरच्यांना शेवटी दोन पुरतात.

मात्र शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेचे नाव कापू नका. तो उल्लेख बहुधा अटीतच असतो. मुलाखत दिलेल्यांना गोपनीयतेचा शब्द दिला असेल, तर त्यांची नावे इथेही नकोत.