चुकीच्या उत्तरावरून गैरसमज ओळखता येईल अशी व्याकरण-चाचणी कशी बनवावी

मराठी शिकणाऱ्या हिंदीभाषकाने ‘ताईने मैत्रिणींना बोलावला’ असे लिहिले, तर ‘चूक’ एवढा शेरा मारून काही हाती लागत नाही. तेच वाक्य दुसऱ्याने ‘बोलावली’ आणि तिसऱ्याने ‘बोलावल्या’ असे लिहिले असेल, तर चुका तीन आणि त्यांची कारणेही तीन. पहिल्याच्या डोक्यात हिंदीचा नियम आहे, दुसरा क्रियापद कर्त्याला जोडतो, तिसरा कर्माला. तिघांना एकच धडा पुन्हा शिकवला तर निदान दोघांचा वेळ वाया जाईल. बहुपर्यायी चाचणीतले चुकीचे पर्याय नीट निवडले तर ही विभागणी चाचणीच करून देते. भूतकाळातला ‘ने’ आणि क्रियापदाचे रूप हा विषय घेऊन ते कसे करायचे ते पाहू. हिंदीतून मराठीकडे येणारे इथे हमखास अडखळतात.

१. आधी चुका गोळा करा

चुकीचे पर्याय टेबलाशी बसून सुचवू नका. आपल्याला सुचतात त्या चुका आपल्या असतात, शिकणाऱ्याच्या नसतात. आठ-दहा वाक्ये द्या, क्रियापदाची जागा रिकामी ठेवा, कंसात मूळ धातू द्या आणि वीस-पंचवीस जणांकडून हाताने भरून घ्या. मग चार-पाच जणांना शेजारी बसवून ‘हेच रूप का घेतलं?’ असे विचारा. उत्तरांचे गठ्ठे करताना रूपाकडे बघू नका, कारणाकडे बघा. एकाच रूपामागे दोन वेगळी कारणे निघतात, आणि चाचणीला खरा धोका तोच असतो.

२. प्रत्येक गैरसमज नियमासारखा लिहा

‘प्रयोग समजलेला नाही’ हा गैरसमज नव्हे, ती तक्रार झाली. गैरसमज असा लिहायचा की तो वापरून कोणत्याही वाक्याचे (चुकीचे का होईना) उत्तर काढता आले पाहिजे. आपल्या विषयात असे चार नियम निघतात:

- क: क्रियापद नेहमी कर्त्याप्रमाणे बदलते.
- ख: ‘ने’ दिसला की क्रियापदाला ‘ले’ लावायचे.
- ग: ‘ने’ असला की क्रियापद कर्माप्रमाणे, मग कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ लागलेला असो वा नसो.
- घ: कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ असेल तर क्रियापद पुल्लिंगी एकवचनी. हा हिंदीचा नियम आहे: ‘दीदी ने सहेलियों को बुलाया’.

बरोबर नियम यांच्या अगदी जवळचा आहे. ‘ने’ असून कर्म प्रत्ययाशिवाय असेल तर क्रियापद कर्माप्रमाणे (कर्मणी प्रयोग), आणि कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ असेल तर नपुंसकलिंगी एकवचनी (भावे प्रयोग). हिंदीचा नियम फक्त शेवटच्या लिंगात वेगळा पडतो, म्हणून घ गटातली माणसे हुशार असूनही चुकत राहतात.

३. प्रत्येक नियमाचे उत्तर वेगळे येईल असे वाक्य शोधा

सगळे कौशल्य या पायरीत आहे. पाठ्यपुस्तकांच्या धाटणीची वाक्ये इथे बहुधा नापास होतात. ‘ताईने भाकरी खाल्ली’ हे वाक्य घ्या. कर्ता स्त्रीलिंगी, कर्मही स्त्रीलिंगी. क नियमवालाही ‘खाल्ली’ म्हणतो आणि पूर्ण गुण मिळवतो. ‘ताईने आंबे खाल्ले’ मध्ये कर्ता आणि कर्म वेगळे केले, तरी ‘खाल्ले’ हे रूप पुल्लिंगी अनेकवचनाचेही आहे आणि नपुंसकलिंगी एकवचनाचेही. त्यामुळे डोळे मिटून ‘ले’ लावणारा ख नियमवाला बरोबर ठरतो. ‘आजोबांनी भाकरी खाल्ली’ मध्ये तिसरीच गफलत. आदरार्थी अनेकवचनामुळे कर्त्याशी जुळणारे रूपही ‘खाल्ले’, म्हणजे क आणि ख एकाच पर्यायात शिरतात.

कर्ता पुल्लिंगी एकवचनी आणि कर्म स्त्रीलिंगी अनेकवचनी घेतले की ही गर्दी मोकळी होते. हा पहिला साचा:

*दादाने दोन पोळ्या ____.*

‘खाल्ल्या’ बरोबर. ‘खाल्ला’ हा क, ‘खाल्ले’ हा ख. ‘खाल्ली’ म्हणणाऱ्याने लिंग ओळखले, वचन सोडले. ही वेगळी आणि किरकोळ चूक आहे, तिची नोंदही वेगळी ठेवा. इथे कर्ता ‘ताई’ केला असता तर ‘खाल्ली’ मध्ये कर्त्याची चूक आणि वचनाची चूक मिसळली असती.

ग आणि घ या साच्यात दिसणार नाहीत, कारण प्रत्यय नसलेल्या कर्मापुढे दोघेही बरोबर उत्तर देतात. त्यांच्यासाठी दुसरा साचा: कर्ता स्त्रीलिंगी एकवचनी, कर्म स्त्रीलिंगी अनेकवचनी आणि त्याला ‘ना’.

*ताईने मैत्रिणींना घरी ____.*

‘बोलावले’ बरोबर, ‘बोलावली’ क, ‘बोलावल्या’ ग, ‘बोलावला’ घ. पण ख नियमवाला इथे बरोबर ठरतो! एकाच वाक्यात चारही नियम वेगळे पाडण्याच्या नादी लागू नका. दोन साच्यांची उत्तरे शेजारी ठेवून वाचा:

| पहिला साचा | दुसरा साचा | डोक्यातला नियम |
|---|---|---|
| खाल्ल्या | बोलावले | बरोबर |
| खाल्ला | बोलावली | क: कर्त्याप्रमाणे |
| खाल्ले | बोलावले | ख: ‘ने’ म्हणजे ‘ले’ |
| खाल्ल्या | बोलावल्या | ग: नेहमी कर्माप्रमाणे |
| खाल्ल्या | बोलावला | घ: हिंदीप्रमाणे |

तिसरी ओळ नीट पाहा. दुसऱ्या साच्यात पैकीच्या पैकी गुण घेणाऱ्याला भावे प्रयोग येतो असे समजणे किती फसवे आहे ते तिथे दिसते.

४. लिंगाचा गोंधळ बाहेर ठेवा

‘दादाने पुस्तक वाचली’ असे लिहिणाऱ्याचा प्रयोग अगदी बरोबर असू शकतो. हिंदीत ‘पुस्तक’ स्त्रीलिंगी आहे, मराठीत नपुंसकलिंगी. त्याने नियम मराठीचा लावला, लिंग घरचे आणले. म्हणून दोन्ही भाषांत लिंग सारखे असलेले किंवा शिकणाऱ्याला पक्के माहीत असलेले शब्दच घ्या, आणि चाचणीच्या आधी त्या शब्दांना ‘हा, ही, हे’ लावायला सांगा. तिथे जो शब्द चुकेल, त्याचा प्रश्न त्या व्यक्तीच्या निदानात धरू नका. कर्त्यासाठीही नात्याचे शब्द सोयीचे पडतात. ‘सुमन’ घेतले तर हिंदीभाषकाला तो पुरुषही वाटू शकतो, आणि तसे झाले की तक्ता कोसळलाच.

५. पर्याय मांडताना

सगळे पर्याय एकाच क्रियापदाचे आणि एकाच काळाचे ठेवा. केवळ चौथी जागा भरायची म्हणून ‘बोलावेल’ घालू नका. कोणी निवडले तर त्याचा अर्थ लागत नाही, कोणी निवडले नाही तर ती जागा फुकट गेली. तीनच अर्थपूर्ण पर्याय असतील तर तीनच द्या. ‘माहीत नाही’ हा पर्याय मात्र आवर्जून द्या, त्याने अंदाजपंचे उत्तरे कमी होतात. क नियमाचे उत्तर दर वेळी दुसऱ्या क्रमांकावर येणार नाही याचीही काळजी घ्या.

‘बोलावले’ आणि ‘बोलावलं’ एकाच प्रश्नात देऊ नका. दोन्ही बरोबर आहेत, फरक लेखी आणि बोली रूपाचा आहे. पण चाचणी संवादाच्या भाषेत असेल तर हाच फरक कामाला येतो. नपुंसकलिंगी एकवचन ‘खाल्लं’ होते, पुल्लिंगी अनेकवचन ‘खाल्ले’च राहते, आणि मघाशी बाद केलेले आंब्यांचे वाक्य पुन्हा वापरता येते.

६. किती प्रश्न पुरतात?

एका चुकीवरून शिक्का मारू नका. चार पर्यायांच्या प्रश्नात नुसता अंदाज लावणाराही चारपैकी एकदा अमुक एक चूक निवडतो. दुसऱ्या साच्याचे तीन प्रश्न ठेवून ‘तीनपैकी दोनदा तीच चूक केली तर तो गैरसमज’ असे ठरवले, तर आंधळेपणाने उत्तरे देणाऱ्यावर क, ग किंवा घ यांपैकी एखादा शिक्का बसण्याची शक्यता ६४ पैकी ३०, म्हणजे जवळजवळ निम्मी. पाच प्रश्न आणि पाचपैकी चार अशी अट ठेवली की ती पाच टक्क्यांच्या खाली येते. दोन्ही साच्यांचे पाच-पाच प्रश्न घ्या आणि मध्ये ‘ताई घरी आली’ सारखी ‘ने’ नसलेली तीन वाक्ये मिसळा. त्यांच्यामुळे साचा पटकन ओळखू येत नाही, शिवाय साधा कर्तरी प्रयोग तरी येतो की नाही तेही कळते. तेरा प्रश्नांना दहा-बारा मिनिटे पुरतात. चार वेळा तीच चूक दिसली नाही तर ‘निश्चित नाही’ अशी नोंद करा. काही जण खरोखरच दोन नियमांच्या मध्ये उभे असतात.

७. वापरण्याआधी दोन तपासण्या

पहिली तपासणी मराठीभाषकांकडून, आणि तेही वेगवेगळ्या भागांतल्या. ‘बोलावल्या’ हा पर्याय इथे अडकू शकतो. ‘सूत्रधाराने नटीला बोलाविली’ अशी रचना शालेय व्याकरणातही कर्म-भाव संकर प्रयोग म्हणून येते, आणि काहींच्या बोलण्यात ती सहज असते. ज्याच्या कानावर ती पडली आहे त्याची ही निवड गैरसमज नव्हे. त्यामुळे सूचनेत ‘आजच्या प्रमाण लेखनातले रूप निवडा’ असे स्पष्ट लिहा, आणि निकालात या पर्यायापुढे ‘चूक’ न लिहिता कारण विचारा.

दुसरी तपासणी पाच शिकणाऱ्यांकडून. त्यांना उत्तर निवडताना मोठ्याने विचार करायला सांगा. ‘बोलावला’ निवडणारा ‘बुलाया जैसा’ म्हणाला तर पर्याय चोख आहे. ‘ताई मुलगा आहे ना?’ म्हणाला तर वाक्य बदला. तीसेक जणांनंतरही एखाद्या पर्यायाला कोणी हात लावला नसेल तर तो काढून टाका.

८. पर्यायागणिक वेगळा प्रतिसाद

निकालात नियम सांगत बसण्यापेक्षा त्या गैरसमजाला खोटे पाडणारी जोडी दाखवा. क गटाला ‘दादाने पोळी खाल्ली, ताईने पोळी खाल्ली’: कर्ता बदलला, क्रियापद हलले नाही. ख गटाला ‘ताईने आंबा खाल्ला, ताईने पोळी खाल्ली’. ग गटाला ‘दादाने गाडी ढकलली, दादाने गाडीला ढकलले’. घ गटाला ‘बुलाया’ आणि ‘बोलावले’ शेजारी ठेवून एवढेच सांगा, की हिंदीत नपुंसकलिंग नाही म्हणून ती पुल्लिंगावर थांबते, मराठीत आहे म्हणून ती तिथे थांबते.

शिकणे, विसरणे, बोलणे ही क्रियापदे या चाचणीत घेऊ नका. ती सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याला ‘ने’ घेत नाहीत: ‘दादा कविता शिकला’, ‘ताई धडा विसरली’. इथे क नियमवाला आपोआप बरोबर येतो, आणि ‘दादाने कविता शिकली’ म्हणणारा खरे तर नियम जरा जास्तच शिकलेला असतो. त्याच्यासाठी वेगळी चाचणी करा, आणि तिच्या पर्यायांत ‘ने’ही असू द्या.