आयएनआर नॉर्मल आला, म्हणून ऑपरेशनला निघालात? या चुका टाळा

मी पुण्यात भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटची गोळ्यांची पिशवी मी स्वतः उघडून बघते. कोथरूडच्या एका काकांच्या पिशवीतून कॅप्सूलची स्ट्रिप निघाली. मागे बारीक अक्षरांत छापलेलं: ॲस्पिरिन 75, क्लोपिडोग्रेल 75 मिलिग्रॅम. दीड वर्षापूर्वी स्टेंट बसलेला, आणि सकाळी गुडघा बदलायचा.

"रक्त पातळ करायची गोळी परवापासून बंद आहे. आणि हा रिपोर्ट बघा, आयएनआर 1.0," काका म्हणाले.

ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं.

मुळात घोळ 'रक्त पातळ' या शब्दाचा. वॉरफॅरिन किंवा ॲसिट्रॉम घेणाऱ्यांच्या रक्तात गुठळी बांधणारी काही प्रथिनं कमी पडतात. आयएनआर मोजतो तो हा परिणाम. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या प्रथिनांना हात लावत नाहीत. ती प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत, त्यामुळे आयएनआर नॉर्मलच येतो. प्लेटलेट्सची संख्याही नॉर्मल असते. त्या असतात, पण काम करत नाहीत.

दोन दिवस पुरत नाहीत त्याचं कारणही इथेच आहे. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे औषधाने बंद पाडलेला भाग ती पुन्हा बनवू शकत नाही. गोळी रक्तातून काही तासांत निघून गेली, तरी ती प्लेटलेट आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस, तशीच राहते. रोज साधारण दहावा हिस्सा नव्या प्लेटलेट्स येतात. काकांकडे दोन दिवसांत जेमतेम पाचवा हिस्सा कामाचा झाला होता. अशात पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं आणि मणक्याच्या आत रक्त साठलं, तर मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडू शकतात. असं क्वचितच होतं, पण मी तो धोका पत्करणार नाही.

यावर काकू म्हणाल्या, "मग कॅप्सूलच आठ दिवस बंद करू." ही दुसरी चूक, आणि मला जास्त भीती हिचीच वाटते. दोन्ही औषधं एकदम थांबली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. स्टेंट नवा असेल तर धोका आणखी मोठा, म्हणून पहिल्या काही महिन्यांत, टाळता येणारं ऑपरेशन पुढेच ढकलतात. मधल्या दिवसांत हेपरिनची इंजेक्शनं दिली तरी ती या गोळ्यांची जागा घेत नाहीत.

मी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी कॅप्सूल बंद करून नुसती ॲस्पिरिन 75 रोज चालू ठेवली. ऑपरेशन सोमवारी ठरलं, म्हणून क्लोपिडोग्रेलचा शेवटचा डोस आधीच्या मंगळवारी. बुधवार ते रविवार, पाच पूर्ण दिवस. मेंदूच्या ऑपरेशनसारखं काही असतं, तर ॲस्पिरिनबद्दलही वेगळा विचार झाला असता. उलट एखादा दात काढायचा असेल, तर बहुतेकदा काहीच थांबवत नाहीत.

काकूंनी तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिल्या. क्लोपिडोग्रेल पुन्हा कधी सुरू करायची, तेवढा एक रकाना रिकामा होता. ऑपरेशननंतर जखम बघून सर्जननी तो भरला.