पुढच्या महिन्याच्या व्ह्यूजचा अंदाज: या चुका टाळा

विदर्भातल्या खेड्यांतून शेतीचे यूट्यूब चॅनल चालवणारी बरीच मुले आता पुढच्या महिन्याच्या व्ह्यूजचा अंदाज स्वतः बांधू लागली आहेत. कृषी केंद्राची जाहिरात घ्यायची असते, कॅमेऱ्याचा हप्ता भरायचा असतो, म्हणून ही गरज खरी आहे. मात्र अंदाज बांधण्याच्या पद्धतीत त्याच त्या चुका वर्षानुवर्षे दिसतात, आणि त्यांतल्या सर्वांत महाग पडणाऱ्या चुकीपासून सुरुवात केलेली बरी.

ती चूक म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी काढून तीच पुढच्या महिन्याचा अंदाज म्हणून सांगणे. ज्या चॅनलवर बाराही महिने सारखीच वर्दळ असते तिथे हे एक वेळ चालेल. कापूस, सोयाबीन आणि तुरीवरच्या चॅनलवर ते चालत नाही, कारण इथे व्ह्यूज पिकाच्या मागे धावतात. जूनमध्ये बियाणे आणि पेरणी, जुलैत तण आणि खत, ऑगस्टपासून डोमकळी आणि गुलाबी बोंडअळी, असे एकेक शोध वाढत जातात. ऑक्टोबरात सोयाबीन निघाले आणि कपाशीची वेचणी सुरू झाली की शेतकरी मोबाइल उघडतो तो भाव पाहायला, फवारणीचा व्हिडिओ पाहायला नव्हे.

आमच्या भागातल्या कपाशीवर व्हिडिओ करणाऱ्या एका तरुणाचे उदाहरण घेऊ. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गोल केले आहेत. त्याच्या चॅनलवर जुलैत दिवसाला सरासरी ३,२००, ऑगस्टमध्ये ३,१५० आणि सप्टेंबरमध्ये २,०९० व्ह्यूज आले. त्याने तिन्हींची सरासरी काढली, ती दिवसाला सुमारे २,८१३ आली, तिला ३१ ने गुणले आणि गावाजवळच्या एका कृषी केंद्राला ऑक्टोबरसाठी ८७ हजार व्ह्यूजचा शब्द देऊन जाहिरातीचे पैसे ठरवले. महिना संपला तेव्हा आकडा ५१ हजारांवर थांबला होता. दुकानदार तसा भला माणूस, पण हिशेबाच्या दिवशी त्याने वही पुढे केली आणि म्हटले, “तू त सत्त्याऐंशी हजार सांगतले होते न भाऊ.” उरलेल्या व्ह्यूजच्या बदल्यात पुढच्या महिन्यात जाहिरात फुकट दाखवावी लागली. चॅनल कोसळले नव्हते आणि यूट्यूबनेही काही दाबून ठेवले नव्हते. फक्त खरिपाच्या भर हंगामातले तीन महिने एकत्र करून हंगाम उतरल्यावरचा महिना मोजला गेला होता.

यावरचा उपाय आधी हंगाम काढून टाकणे, मग सरासरी घेणे, आणि शेवटी हंगाम परत घालणे, हा आहे. त्यासाठी प्रत्येक महिन्याचा एक गुणक लागतो, म्हणजे तो महिना वर्षाच्या सरासरीच्या किती पट आहे हे सांगणारा आकडा. या तरुणाच्या जुन्या नोंदींवरून जुलैचा गुणक १.६, ऑगस्टचा १.५, सप्टेंबरचा १.१ आणि ऑक्टोबरचा ०.८ निघाला. ३,२०० ला १.६ ने भागले की २,०००, ३,१५० ला १.५ ने भागले की २,१००, आणि २,०९० ला १.१ ने भागले की १,९०० येतात. त्यांची सरासरी २,०००. तिला ऑक्टोबरच्या ०.८ ने गुणले की दिवसाला १,६०० आणि ३१ दिवसांचे ४९,६०० होतात. जे आकडे त्याच्याजवळ आधीपासून होते, त्यांतूनच ५१ हजारांच्या इतका जवळचा अंदाज निघू शकत होता.

गुणक काढताना दुसरी गफलत होते. अनेक जण महिन्याच्या आकड्याला त्या कॅलेंडर वर्षाच्या सरासरीने भागतात. चॅनल वाढत असेल तर डिसेंबर केवळ वर्षाच्या शेवटी असल्यामुळे मोठा दिसतो आणि जानेवारी केवळ सुरुवातीला असल्यामुळे लहान. म्हणून ज्या महिन्याचा गुणक काढायचा, तो मधोमध येईल अशी बारा महिन्यांची सरकती सरासरी घ्यावी. बारा ही सम संख्या असल्यामुळे मध्य दोन महिन्यांच्या मधे पडतो, म्हणून एका महिन्याच्या अंतराने दोन सरासऱ्या काढून त्यांची पुन्हा सरासरी घ्यावी लागते. तक्त्याच्या C स्तंभात दिवसाचे सरासरी व्ह्यूज असतील, दुसऱ्या ओळीत जानेवारी आणि आठव्या ओळीत जुलै असेल, तर जुलैसाठी सूत्र असे होते:

```
D8: =(AVERAGE(C2:C13)+AVERAGE(C3:C14))/2
E8: =C8/D8
```

अशा रीतीने ३६ महिन्यांच्या नोंदींतून पहिले सहा आणि शेवटचे सहा महिने वगळून २४ गुणक मिळतात, म्हणजे प्रत्येक महिन्याचे दोन. त्या दोघांची सरासरी घ्यावी आणि बाराही गुणकांची बेरीज १२ येईल इतपत त्यांना एकाच प्रमाणात कमी-जास्त करून घ्यावे. ही मधोमध ठेवलेली सरासरी फक्त गुणकांसाठी आहे. पुढच्या महिन्याचा अंदाज करताना ती वापरता येत नाही, कारण तिला अजून न आलेले महिने लागतात.

सहा महिन्यांचे चॅनल घेऊन ‘माझा हंगामी गुणक काढून द्या’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. सहा महिन्यांत ज्याने एकही पूर्ण खरीप-रब्बी पाहिलेला नाही, त्याच्या आकड्यांत हंगाम आणि वाढ वेगळी करता येत नाही. जूनमध्ये व्ह्यूज वाढले ते पेरणीमुळे की चॅनल चांगले चालल्यामुळे, हे तो तक्ता सांगू शकत नाही. अशांनी आलेखावर सरळ रेष ओढून पुढचा आकडा वाचण्याचा सोपा मार्ग तर मुळीच धरू नये. जून ते ऑगस्टची रेष वर जाते आणि ऑक्टोबरात तिच्या भरवशावर दिलेला शब्द खाली पडतो. त्यांनी किमान दोन वर्षे महिनावार नोंद ठेवावी, आणि तोपर्यंत आकडा न देता मागच्या महिन्यांत कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती व्ह्यूज आले एवढेच सांगावे.

आता दुसरी मोठी चूक. महिन्याचे एकूण व्ह्यूज ही एकच वस्तू आहे असे धरून चालणे मला पटत नाही. त्यात दोन वेगळे भाग असतात. एक भाग जुन्या व्हिडिओंचा, जे शोधातून पुन्हा पुन्हा सापडतात. डोमकळी कशी ओळखावी, कामगंध सापळे किती लावावे, यांवरचे दोन वर्षांपूर्वीचे व्हिडिओ दर ऑगस्टला पुन्हा जागे होतात. दुसरा भाग त्या महिन्यात टाकलेल्या नव्या व्हिडिओंचा, आणि तो किती व्हिडिओ टाकले यावर अवलंबून असतो. पहिल्या भागावर हंगामाची पकड आहे, दुसऱ्यावर तुमच्या सवडीची.

त्याच तरुणाचा नोव्हेंबर पाहा. हंगाम काढलेली सरासरी तीच सुमारे २,००० आणि नोव्हेंबरचा गुणक ०.९, म्हणून दिवसाला १,८०० आणि ३० दिवसांचे ५४ हजार असा अंदाज आला. पण त्यात महिन्याला आठ व्हिडिओ गृहीत होते, आणि नोव्हेंबरात घरची वेचणी असल्यामुळे तो तीनच टाकणार होता. त्याच्या नोंदींत जुन्या व्हिडिओंचा वाटा ३६ हजारांचा आणि नव्या आठांचा १८ हजारांचा बसत होता, म्हणजे एका नव्या व्हिडिओमागे त्या महिन्यात सुमारे २,२५०. तीन व्हिडिओंचे ६,७५० धरले तर एकूण ४२,७५० होतात. या वेळी दुकानदाराला ४२ हजारांचाच आकडा सांगितला गेला आणि महिनाअखेर व्ह्यूज त्याच्या थोडे वरच राहिले.

ही विभागणी करण्यासाठी स्टुडिओच्या `Advanced mode` मध्ये एक महिना निवडून व्हिडिओंची यादी उतरवून घ्यावी. तिच्यात `Video publish time` हा स्तंभ असतो. त्या महिन्याच्या १ तारखेपूर्वीचे सर्व व्हिडिओ जुने, बाकीचे नवे. मी ही यादी दर महिन्याला उतरवून ठेवतो, कारण तीन वर्षांच्या याद्या एका बैठकीत उतरवायला बसलेला माणूस मध्येच कंटाळून अंदाजपंचे वाटे पाडतो. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. २५ तारखेनंतर टाकलेल्या व्हिडिओला त्या महिन्यात पाचसहाच दिवस मिळतात, म्हणून शेवटच्या आठवड्यातल्या व्हिडिओची किंमत पूर्ण २,२५० धरू नये.

पोळ्याची चूक खास आपल्या भागातली आहे. पोळा श्रावण अमावस्येला येतो, इंग्रजी तारखेला नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता म्हणून पोळा १४ सप्टेंबरला आला, २०२४ मध्ये २ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. ज्यांच्या चॅनलवर बैलजोडीच्या सजावटीचे व्हिडिओ चालतात, त्यांचा हा उंचवटा एका वर्षी सप्टेंबरात आणि दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये पडतो. दोन्ही वर्षांचे गुणक मिसळले की ऑगस्टही बिघडतो आणि सप्टेंबरही. पोळ्याचे व्हिडिओ एकूण आकड्यातून आधी वजा करावेत, त्यांचा वेगळा हिशेब पोळ्याच्या आधीचे आणि नंतरचे दिवस मोजून ठेवावा, आणि यंदा पोळा ज्या महिन्यात पडतो त्या महिन्यात तो मिळवावा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे पोळा पुन्हा सप्टेंबरात जातो.

पावसाचेही असेच. २०२३ साली विदर्भात मान्सून जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या तोंडाशी आला, त्यामुळे पेरणीचे शोध जुलैत सरकले. अशा वर्षाचा जून एकटा पाहून त्याचा गुणक खाली ओढू नये. जून आणि जुलै यांची बेरीज पाहावी, ती सहसा इतकी हलत नाही.

एखादा व्हिडिओ अचानक लाखावर गेला तर त्या महिन्याचे एकूण व्ह्यूज सरासरीत घेऊ नका. त्या व्हिडिओच्या जागी आपल्या नेहमीच्या व्हिडिओचा मधला आकडा ठेवा.

महिन्यांची तुलना नेहमी दिवसाच्या सरासरीवर करा, कारण फेब्रुवारीचे २८ आणि मार्चचे ३१ दिवस यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक आहे. चालू महिना अर्धा असताना तो पूर्ण समजून सरासरीत घालू नका.

शॉर्ट्सचे व्ह्यूज लांब व्हिडिओंत मिसळू नका. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सची मोजणीच बदलली आणि व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा वाजला की तो व्ह्यू धरला जाऊ लागला. त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे आकडे एका रांगेत बसत नाहीत. जुन्या पद्धतीचा आकडा `Engaged views` या नावाने मिळतो, तुलना त्याच्याशी करावी.

अंदाज का चुकतो हे ओळखण्यासाठी मागच्या सहा महिन्यांत अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक चिन्हासह लिहून ठेवा. सगळे फरक एकाच बाजूचे असतील तर सरासरी मागे राहते आहे. तीन महिन्यांच्या सरासरीचा मध्य पुढच्या महिन्यापासून दोन महिने मागे असतो, म्हणून हंगाम काढलेले आकडे दर महिन्याला दिवसामागे ५० ने वाढत असतील तर त्यांची सरासरी १०० ने कमी येणारच, आणि तेवढे गुणकाने गुणण्याआधी सरळ मिळवावेत. फरक पावसाळ्यात एका बाजूला आणि उन्हाळ्यात दुसऱ्या बाजूला जात असतील तर गुणक चुकले आहेत आणि ते पुन्हा काढावेत. फरक दोन्ही बाजूंना विखुरलेले असतील तर त्यांतला सर्वांत मोठा फरक पाहा आणि दुकानदाराला आकडा सांगताना तेवढी सूट ठेवा.