टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याची मुलाखत: प्रश्न आणि उपप्रश्न कसे तयार करावेत

बोलायला नाखूश असलेला अधिकारी सहसा सरळ खोटं बोलत नाही, तो मोघम बोलतो. ‘चौकशी सुरू आहे’, ‘नियमानुसार कारवाई होईल’ ही वाक्यं खोडताही येत नाहीत आणि छापूनही काही हाती लागत नाही. म्हणून अशा मुलाखतीत सगळी मेहनत उपप्रश्नांवर घ्यावी लागते. तो कोणत्या शब्दांत टाळेल हे घरूनच लिहून न्यायचं आणि त्यासमोर आपला पुढचा प्रश्न.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका पुलाची तपासणी मार्चमध्ये झाली. खांबांना तडे आहेत, अवजड वाहतूक थांबवावी, असं अहवालात म्हटलं होतं. वाहतूक प्रत्यक्षात थांबली ऑगस्टमध्ये. मधल्या काळात अहवाल कुठे होता, ही तुमची बातमी.

१. आधी तारखांचं पान करा

अहवाल, पत्रव्यवहार, आदेश जे मिळेल ते वाचून एका पानावर तारखा ओळीने मांडा. जिथे जागा रिकामी राहते, तिथे तुमचा प्रश्न आहे. जे कागदावरून कळतं, त्यात मुलाखतीचा वेळ घालवू नका. फार तर दुजोरा घ्या.

२. एका प्रश्नात एकच गोष्ट

‘अहवाल कोणी दाबला आणि लोकांच्या जिवाशी खेळ का केला?’ या प्रश्नात दोन प्रश्न आणि एक आरोप आहे. अधिकारी ‘खेळ’ या शब्दावर चिडेल, दहा मिनिटं बोलेल आणि अहवालाचा विषय बाजूला पडेल. त्याऐवजी विचारा, ‘अहवाल तुमच्याकडे कोणत्या तारखेला आला?’ सुरुवातीला कधी, कोणी, किती असेच प्रश्न ठेवा. ‘का’ नंतर, तारखा कबूल झाल्यावर. तोवर उशीर त्याच्याच तोंडून सिद्ध झालेला असतो.

३. टाळण्याच्या प्रत्येक वाटेवर उपप्रश्न

‘चौकशी सुरू आहे’ म्हणाला, तर चौकशी कोण करतंय, आदेश कोणत्या तारखेचा, मुदत किती, हे विचारा. चौकशी खरी असेल तर ही उत्तरं लगेच येतात. मग चौकशीआड दडवता न येणारा प्रश्न: ‘ऑगस्टच्या आधी तुम्ही तो अहवाल वाचला होता का?’

‘तेव्हा मी या पदावर नव्हतो’ हे उत्तर बऱ्याचदा खरंच असतं, म्हणून त्याची रुजू होण्याची तारीख आधीच काढून ठेवा. तो मेमध्ये आला असेल, तर मार्च-एप्रिलबद्दल त्याला धारेवर धरणं अन्यायाचं आहे. पण जून आणि जुलै त्याचेच. ‘पदभार घेताना प्रलंबित कामांत हा पूल होता का?’ हा इथला प्रश्न.

‘माझ्या अखत्यारीत नाही’ यावर: मग कोणाच्या? त्यांना तुम्ही लेखी कळवलं का, कधी? आणि ‘नियमानुसार’ ऐकलं की: कोणता नियम?

४. कागद कधी दाखवायचा

अहवाल आल्याआल्या टेबलावर ठेवू नका. ‘असा अहवाल मला मिळालाच नाही’ असं तो म्हणाला आणि त्याची सही असलेली पोच तुमच्याकडे असेल, तर ती तेव्हा दाखवा आणि गप्प राहा. ही शांतता भरून काढायची घाई बहुतेकदा आपल्यालाच होते, ती आवरा. मात्र नेण्यापूर्वी प्रत नीट तपासा. कोपऱ्यातली हस्ताक्षरातली नोंद किंवा प्रतीचा क्रमांक यावरून कागद कोणी दिला ते कळू शकतं. शंका असेल तर प्रत नेऊच नका, फक्त तारीख आणि मजकूर सांगा.

५. तोच प्रश्न किती वेळा?

१९९७ मध्ये बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’मध्ये जेरेमी पॅक्समन यांनी ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांना एकच प्रश्न सुमारे डझनभर वेळा विचारला. टाळाटाळ प्रेक्षकांना डोळ्यांनी दिसत होती, म्हणून तिथे ते चाललं. लेखी बातमीसाठी तीनदा पुरे. शब्द थोडे बदलून विचारा आणि ‘तीनदा विचारूनही तारीख सांगितली नाही’ असं लिहा. त्यासाठी ध्वनिमुद्रण हवंच.

नाव छापायचं की नाही, हेही बोलणं सुरू होण्यापूर्वी ठरवा. मध्येच ‘हे छापू नका’ म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवून अट मान्य आहे की नाही ते स्पष्ट सांगा. सगळं ऐकून घेतल्यावर अट नाकारणं बरोबर नाही.

६. भेटच नाकारली तर

पाच-सहा प्रश्न लेखी पाठवा. ‘पुलाबाबत आपली प्रतिक्रिया’ असं मोघम मागू नका, कारण उत्तरही तसंच येईल. ‘मार्चमधल्या शिफारशीवर ऑगस्टपर्यंत अंमल झाला नाही, असं कागदपत्रांवरून दिसतं. हे बरोबर आहे का? कारण काय?’ इतकं नेमकं लिहा. बातमीत त्याच्यावर येणारा प्रत्येक आक्षेप या पत्रात असलाच पाहिजे. उत्तराची तारीख-वेळ द्या, पत्र पोचल्याची खात्री फोनवरून करा आणि तो फोन कोणी, किती वाजता घेतला, तेही टिपून ठेवा.